दुकानदाराकडे काम मागायच्या आधी त्याचं एक काम करून दाखवा: गिरगावातल्या मिक्सर रिपेअरवाल्या काकांचं उदाहरण घेऊन

फ्रीलान्सिंग चालू केलंय, काम करता येतं, पण पहिला क्लायंट आणायचा कुठून, असं ज्यांचं झालंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. ऑनलाइन साइटवर प्रोफाइल टाकून महिनोन्महिने वाट बघण्यापेक्षा आपल्याच एरियातल्या छोट्या दुकानदाराकडे जाणं मला कायम बरं वाटत आलंय. पण तिथे 'मी डिजिटल मार्केटिंग करते, तुम्हाला काही हवंय का' असं विचारलंत की उत्तर ठरलेलं असतं, 'नको'. आणि त्यात त्याची चूक नाही, कारण तुम्ही नेमकं काय करणार आणि त्यातून त्याच्या गल्ल्यात काय पडणार हे त्याला कळलेलंच नसतं.

मी दुकानांची गूगलवरची माहिती नीट करणं, फोटो, व्हॉट्सॲप बिझनेस सेट करून देणं अशी कामं करते, म्हणून उदाहरण त्यातलंच घेतेय. गिरगावात एक मिक्सर, गॅस शेगडी, इस्त्री रिपेअर करणारे काका आहेत, नाव सांगत नाही. त्यांची चाळ रीडेव्हलपमेंटला गेली आणि दुकान दोन गल्ल्या सोडून भाड्याच्या गाळ्यात आलं. त्यांच्याकडे काम कसं मिळालं ते पहिल्यापासून सांगते म्हणजे पायऱ्या आपोआप कळतील.

आधी दुकान निवडा, आणि इथे घाई नको

सगळ्या दुकानांना सगळ्याचा उपयोग नसतो. नाक्यावरच्या वडापाववाल्याला गूगल मॅपवर नीट दिसून फारसं काही मिळत नाही, त्याचं गिऱ्हाईक रस्त्यावरून चालत येतं. उलट मिक्सर बंद पडला, शिलाई मशीन अडलं, सोफ्याचं कापड फाटलं, घरात वाळवी लागली की माणूस फोन काढून शोधतो. गरज पडल्यावरच ज्याला शोधलं जातं असं दुकान बघा, कारण तिथे चुकीची माहिती म्हणजे सरळ गेलेलं गिऱ्हाईक.

दुसरं म्हणजे मालक स्वतः गल्ल्यावर बसणारा हवा. जिथे मॅनेजर बसतो आणि शेठ महिन्यातून एकदा येतो तिथे तुमचा कागद ड्रॉवरमध्ये पडून राहील. आणि दुकान तुमच्या चालण्याच्या अंतरात किंवा निदान तुमच्या लोकल लाइनवर असू द्या, कारण तुम्हाला तिथे परत जायचंय. बोरिवलीला राहून कुलाब्याचं दुकान पकडलंत तर दुसऱ्या फेरीलाच कंटाळा येईल.

दुकानाकडे कोणी बघत नाहीये हे ओळखायचं कसं? मॅपवर त्याचं पान उघडा. `Claim this business` किंवा `Own this business?` अशी ओळ दिसत असेल तर ते पान अजून मालकाने ताब्यात घेतलेलं नाही. रिव्ह्यू आहेत पण एकालाही उत्तर नाही, फोटो सगळे गिऱ्हाइकांनीच टाकलेले, वेळ टाकलेली नाही, ही सगळी चिन्हं. याच्या उलट प्रत्येक रिव्ह्यूला 'थँक यू सर फॉर युवर व्हॅल्युएबल फीडबॅक' असं एकसारखं उत्तर असेल तर तिथे कोणीतरी आधीच पैसे घेऊन काम करतंय, पुढे चला.

मग तासाभराचा अभ्यास, आणि त्यातला निम्मा पायी

काकांच्या दुकानाचं मी काय काय बघितलं ते सांगते. आधी इन्कॉग्निटोमध्ये 'मिक्सर रिपेअर गिरगाव' मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही टाकून बघितलं. घरी बसून केलेल्या सर्चवर पूर्ण विश्वास ठेवू नका, कारण गूगल असे रिझल्ट दाखवताना शोधणारा कुठे उभा आहे हेही बघतं, त्यामुळे चर्नी रोड स्टेशनच्या बाहेर उभं राहून जे दिसेल आणि ठाकूरद्वार नाक्यावर जे दिसेल त्यात फरक पडू शकतो. मी दोन्हीकडे उभी राहून स्क्रीनशॉट घेतले.

मग पानावरचा नंबर लावला. लँडलाइन होता, जुन्या चाळीतला, आणि तो लागतच नव्हता. मग मॅपने दाखवलं तिथे चालत गेले, तर पिन जिथे होता तिथे निळे पत्रे आणि आत खोदकाम. आणि मग रिव्ह्यू वाचले, सगळे, जुन्यापासून. चांगले होते, 'जुना मिक्सर फेकायला सांगत नाहीत, दुरुस्त करून देतात' असं दोघा-तिघांनी लिहिलेलं. शेवटचे दोन मात्र वेगळे. एकीने लिहिलेलं की दादरहून मिक्सरचं भांडं घेऊन आले आणि इथे बिल्डिंगच नाही, एक स्टार. दुसऱ्याने नुसतं 'शॉप क्लोज्ड'.

म्हणजे काका नव्या गाळ्यात रोज बसतायत, आणि गूगल बघणाऱ्यांच्या लेखी दुकान संपलेलं आहे.

आता इथे नवीन माणूस हमखास गडबड करतो. त्याला सापडतात पंधरा गोष्टी आणि तो पंधराच्या पंधरा लिहून नेतो, फोटो नाहीत, वेबसाइट नाही, डिस्क्रिप्शन नाही, इन्स्टा नाही. समोरच्याला ते ऐकून फक्त आपण किती मागास आहोत एवढंच वाटतं. तुम्ही एकच गोष्ट निवडा, जिच्यात तीन गुण असतील: तिच्यामुळे आज गिऱ्हाईक परत जातंय, ती मालकाला स्वतःच्या फोनवर दोन मिनिटांत तपासता येते, आणि ती दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत. काकांच्या बाबतीत ती होती बंद नंबर आणि चुकीचा पत्ता. बाकी सगळं मी वहीत ठेवलं, कारण तेच पुढे पैसे घेऊन करायचं काम होतं.

ही रेघ घरूनच मारून निघा, म्हणजे फुकट काय आणि पैशाने काय. माझी रेघ अशी होती की नंबर, पत्ता आणि वेळ एवढं फुकट. फोटो, सर्व्हिसची यादी, व्हॉट्सॲप, रिव्ह्यूची उत्तरं हे सगळं कामात. दुकानात उभं राहून रेघ ठरवायला गेलात तर काका चहा मागवतील आणि तुम्ही तासभर बसून सगळंच करून द्याल.

न विचारता हात लावू नका

मॅपवर `Suggest an edit` दाबून कोणीही नंबर-पत्ता बदलायला सुचवू शकतं, हे खरं. पण ते मालकाला न सांगता करू नका. एक तर बदल स्वीकारला गेला तर तुम्ही दाखवायला निघालात तो प्रॉब्लेमच गायब, आणि दुसरं म्हणजे त्याच्या दुकानाची माहिती परस्पर बदलणारा माणूस त्याला आवडेल कशाला.

आणि पान स्वतःच्या जीमेलवर ताब्यात घेणं तर अजिबातच नाही. असे किस्से मुंबईत ढीगभर आहेत, कोणीतरी येतो, 'मी करून देतो' म्हणतो, पान स्वतःच्या अकाउंटवर घेतो आणि मग दर वर्षी पैसे दिले नाहीत तर पासवर्ड देत नाही. काकांसारख्या माणसाने हे ऐकलेलं असतं. त्यात 'गूगल से बोल रहे हैं, आपका लिस्टिंग बंद हो जाएगा' असे फोन दुकानदारांना येत असतात, त्यामुळे गूगल हा शब्द ऐकला की त्यांचा चेहरा आधीच कडू होतो. म्हणून पहिल्या दोन वाक्यांत सांगून टाका की मी गूगलची माणूस नाही, आणि हे पान ठेवायला गूगल पैसे घेत नाही.

एकच कागद, बस

पीडीएफ पाठवू नका, लॅपटॉप उघडू नका. रिपेअरच्या काउंटरवर लॅपटॉप ठेवायला जागाच नसते, आणि ठेवलात तरी त्यावर ग्रीसचा हात लागेल. ए-फोर कागदावर रंगीत प्रिंट घ्या. वर गूगल मॅपचा स्क्रीनशॉट, चुकीच्या पत्त्याला पेनाने गोल. त्याच्या बाजूला तुम्ही स्वतः काढलेला पत्र्यांचा फोटो. खाली मोठ्या अक्षरात मराठीत चार ओळी. माझ्या कागदावर साधारण असं होतं:

'मोबाइलवर तुमचं दुकान शोधलं की लोक इथे पोचतात. नंबर लावला तर लागत नाही. दोन जणांनी दुकान बंद झालं असं लिहिलंय. हे तुमच्याच फोनवरून फुकटात दुरुस्त होतं, कसं ते मागच्या बाजूला लिहिलंय.'

मागच्या बाजूला खरंच पायऱ्या लिहिल्या होत्या, की काकांना वाटलं तर माझ्याशिवाय मुलाकडून करून घेता यावं. हे बऱ्याच जणांना पटत नाही, की सगळं सांगून टाकलं तर आपल्याला कोण बोलावणार. माझा अनुभव उलटा आहे. ज्याला स्वतः करायचंय तो तसाही पैसे देणार नव्हता, आणि ज्याला नाही करायचं त्याला तो कागद वाचून कळतं की या मुलीला काम येतं. दर लिहू नका, कंपनीचं नाव मोठ्ठं छापू नका, कोपऱ्यात तुमचं नाव आणि मोबाइल नंबर पुरे.

जायचं कधी

याच्यावर अर्धं यश आहे. सकाळी दुकान उघडल्या उघडल्या जाऊ नका, अजून भवानी झालेली नसते आणि त्या वेळी जो पैशाचा विषय काढेल त्याच्यावर दिवसभराचं खापर फुटतं. गिरगाव-दादरकडच्या बऱ्याच मराठी दुकानांत दुपारी शटर खाली असतं, आणि दादरला बरीच दुकानं सोमवारी बंद. मी संध्याकाळी साडेचारच्या सुमारास गेले, नुकतंच उघडलेलं, चहा यायचा होता, ऑफिसवाली गिऱ्हाइकं अजून सुटायची होती. सीझनही बघा. दिवाळीच्या आधी फराळाच्या चकल्या-अनारशांसाठी मिक्सर, घरघंटी सगळं एकदम रिपेअरला येतं, तेव्हा मिक्सरवाल्याकडे बोलायला गेलात तर तो मान वर करून बघणारही नाही. गणपती-दिवाळी संपल्यावर जा.

शक्यतो आधी गिऱ्हाईक म्हणून काही असेल तर घेऊन जा, पण नाटक नको. चांगला चालणारा मिक्सर घेऊन 'आवाज येतोय' म्हणालात तर ते दोन मिनिटांत ओळखतील.

दुकानात काय बोलायचं

'मी काही विकायला आले नाही' असं म्हणू नका. आज नाही तर उद्या तुम्ही विकणारच आहात आणि तेव्हा हे वाक्य त्यांना आठवेल. मी काय म्हटलं ते जसंच्या तसं देते:

'काका, मी इथेच खाडिलकर रोडला राहते. दुकानांची गूगलवरची माहिती नीट करायचं काम करते. आज पैशाचं काही नाही, तुमच्या दुकानाचं एक चुकलेलं दिसलं ते सांगायला आले.'

'काय चुकलंय?' मान खाली, हातात स्क्रू ड्रायव्हर.

'तुमचाच फोन घ्या ना, दुकानाचं नाव टाकून बघा.'

त्यांच्याच फोनवर, हे महत्त्वाचं. तुमच्या फोनवर दाखवलंत तर त्यांना वाटतं तुम्ही काहीतरी करून आणलंय. काकांनी नाव टाकलं, मॅप उघडला, पिन बघितला आणि म्हणाले, 'अगं ही तर जुनी जागा.' मग मी म्हटलं तो नंबर लावून बघा. त्यांनी लावला, स्पीकरवर ठेवला, टूं टूं आवाज आला. इथे तुम्ही गप्प बसायचं. मला बोलायची खूप खाज असते पण त्या वेळी काही बोलले नाही. काकांनी स्वतःच हिशेब केला, 'तरीच. सहा महिने झाले, बाहेरचं गिऱ्हाईक येतच नाहीये, मला वाटलं आता कोणी रिपेअर करतच नाही, सगळे नवीन घेतात.'

मग कागद दिला आणि विचारलं, 'आत्ता करू या का? दहा-पंधरा मिनिटं लागतील, तुमच्याच फोनवर, मी फक्त सांगते, दाबायचं तुम्ही.'

दुरुस्ती करताना अडतं ते इथे

पहिली अडचण जीमेलची. फोन मुलाने सेट करून दिलेला असतो, काकांना स्वतःचा ईमेल माहीत नसतो. प्ले स्टोअर उघडून वरच्या कोपऱ्यातल्या गोलावर दाबा, अकाउंट तिथे दिसतं. ते मुलाचं निघालं तर थांबा, मुलाला फोन लावून विचारा. दुकानाचं पान कोणाच्या नावावर जातंय ही छोटी गोष्ट नाही.

दुसरं, नव्या जागेचं नवीन पान बनवू नका. जुनंच पान ताब्यात घ्या आणि पत्ता बदला, म्हणजे जुने चांगले रिव्ह्यू तसेच राहतात. नवीन पान काढलंत तर एकाच दुकानाची दोन पानं होतात आणि पंचवीस वर्षांपासूनच्या गिऱ्हाइकांनी लिहिलेलं सगळं जुन्यावर पडून राहतं. पानावर `Permanently closed` असं लाल अक्षरात आलेलं असलं तरी हेच, ताब्यात घेतल्यावर ते परत उघडं करता येतं.

तिसरं व्हेरिफिकेशन. ते कसं करायचं हे गूगल ठरवतं, आपण नाही, आणि हल्ली बऱ्याचदा व्हिडिओ मागतात. तो एका दमात, न तोडता काढावा लागतो, निदान तीस सेकंदांचा. गल्लीची किंवा बाजूच्या दुकानाची पाटी, मग आपली पाटी, मग आत जाऊन अवजारं, रिपेअरला आलेले मिक्सर, आणि हे दुकान यांच्याच हातात आहे हे दिसेल असं काहीतरी, म्हणजे किल्लीने शटरचं कुलूप उघडणं किंवा काउंटरच्या आत जाणं. काकांच्या पहिल्या व्हिडिओत पाटीवर ट्यूबलाइटचा प्रकाश पडून नाव वाचता येत नव्हतं, मग दुसरा काढला. तो तपासायला गूगल पाच कामाचे दिवस घेऊ शकतं, तेव्हा 'आजच होईल' असं तोंडातून काढू नका, 'आठवडाभर धरा' म्हणा.

नाव पाटीवर आहे तसंच टाका. नावापुढे 'बेस्ट मिक्सर रिपेअर इन साऊथ मुंबई' जोडायचा मोह काहींना होतो, ते गूगलच्या नियमात बसत नाही आणि त्यावरून पान सस्पेंड होऊ शकतं. आणि वेळ टाकताना दुपारची सुट्टी दोन भागांत टाका, दहा ते एक, चार ते साडेआठ. नाहीतर भर उन्हात दोन वाजता आलेला माणूस बंद शटर बघून पुन्हा एक स्टार देईल.

पान आधीच दुसऱ्या कोणाच्या ताब्यात निघालं तर त्याच ठिकाणी ॲक्सेस मागायची सोय असते, समोरच्याला उत्तर द्यायला तीन दिवस मिळतात. हे निघालं तर पहिल्या भेटीत सोडवायला जाऊ नका, रिक्वेस्ट टाकून घ्या आणि निघा.

निघताना एक गोष्ट मागा, पैसे सोडून

काकांच्या काउंटरवर एक लांबट वही असते, कोणाचा मिक्सर कधी आला, काय झालंय, किती ठरले. मी म्हटलं, 'काका, पुढचे दोन आठवडे नवीन माणूस आला की फक्त विचारा, कुठून कळलं. गूगल म्हणाला तर शेवटच्या पानावर एक रेघ मारा.'

या रेघा का? गूगलच्या पानावर परफॉर्मन्सचे आकडे दिसतात, किती जणांनी कॉल दाबला, किती जणांनी रस्ता विचारला वगैरे. पण तो आकडा काकांचा नाही, तो माझ्यासारख्यांचा. कॉल दाबणारा आला की नाही हे त्यात कळत नाही. स्वतःच्या हाताने मारलेल्या रेघेवर मात्र दुकानदाराचा विश्वास बसतो, आणि पुढच्या भेटीत तुम्हाला काही सिद्ध करावं लागत नाही.

एवढं झालं की निघा. पहिल्याच दिवशी 'मग बाकीचं काम पण देता का' हे विचारू नका. त्यांनीच विचारलं 'बाकी काय करतेस, किती घेतेस' तर मात्र लपवाछपवी नको, सरळ आकडा सांगा.

दुसरी भेट: आता मागायचं

दोन आठवड्यांनी गेले. मधल्या काळात एकदाच मेसेज केला होता, व्हेरिफिकेशन झालं हे सांगायला. वहीच्या शेवटच्या पानावर सात रेघा होत्या. काका म्हणाले आठ असतील, एकदा विसरलो.

मी विचारलं एका गिऱ्हाइकामागे साधारण किती सुटतात. पार्ट धरून बिल चारशे-पाचशेचं होतं, हातात अडीचशे राहतात असं ते म्हणाले. म्हणजे सात जणांचे साडेसतराशे, दोन आठवड्यांत. हा आकडा त्यांच्या तोंडून आला पाहिजे, तुम्ही ठोकून द्यायचा नाही. आणि फुगवू पण नका, मी स्वतःच म्हटलं की यातले एक-दोन तसेही विचारत विचारत आले असते. त्यावर काका हसले, पण पुढचं ऐकून घेतलं.

मग वहीत ठेवलेलं बाकीचं काम काढलं आणि एकच पॅकेज सांगितलं, तीन पर्यायांचा तक्ता वगैरे नाही. दुकानाचे आणि कामाचे बारा-पंधरा फोटो. काय काय रिपेअर होतं त्याची यादी पानावर. जुन्या रिव्ह्यूंना उत्तरं, खास करून त्या दादरच्या ताईंना, माफी मागून आणि नवा पत्ता देऊन. दुकानाच्या नंबरवर व्हॉट्सॲप बिझनेस, त्यात दुपारी बंद असताना आपोआप जाणारा मेसेज, आणि 'मिक्सर झाला का', 'किती होतील' या रोजच्या प्रश्नांची तयार उत्तरं. शेवटी बिलबुकाच्या खाली छापायला एक छोटी लिंक, अशी:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX
```

X च्या जागी दहा आकडी नंबर, आधी प्लस किंवा शून्य नाही, मध्ये डॅश नाही. दोन दुपारचं काम, तीन हजार रुपये, अर्धे आधी. तीन हजार का, तर काकांच्या हिशेबात ते बारा मिक्सर होतात, आणि सात रेघा बघितलेल्या माणसाला बारा हा आकडा लांबचा वाटत नाही. तुम्ही आकडा ठरवताना हेच बघा, की त्याच्या धंद्याच्या भाषेत तो किती होतो. पंधरा हजार सांगितले असते तर साठ मिक्सर, तिथे बोलणं संपलं असतं.

हे सगळं एका कागदावर हाताने लिहून दिलं, काय करणार, कधी देणार, काय करणार नाही. 'पहिल्या नंबरवर आणून देईन' हे 'करणार नाही' मध्ये लिहिलं, कारण ते कोणाच्या हातात नसतं, शोधणारा लांब असेल तर त्याला जवळचं दुसरं दुकान वर दिसू शकतं. दीड हजार त्यांनी तिथेच जीपे केले. महिन्याच्या रिटेनरचा विषय काढलाच नाही. दर महिन्याला पैसे जाणार म्हटलं की छोटा दुकानदार हात आखडतो, तो विषय दोन-तीन महिन्यांनी सणाची वेळ बदलायला किंवा नवे फोटो टाकायला बोलावतील तेव्हा काढावा.

ते काय म्हणतात आणि त्याचा अर्थ काय

'मुलगा बघतो सगळं.' बऱ्याचदा खरंच असतं. मुलाच्या चुका काढत बसू नका, त्याचा नंबर घ्या आणि कागदाचा फोटो त्याला व्हॉट्सॲप करा. नोकरी करणारा मुलगा असेल तर तोच म्हणतो, 'ताई तुम्हीच करून टाका, मला वेळ नाही.'

'ते फुकट केलंस ना, मग एवढे फोटो पण टाक.' इथेच घरून मारलेली रेघ कामाला येते. हसत सांगा, 'काका, पत्ता चुकीचा होता म्हणून तो केला, फोटो माझं काम आहे.' राग येत नाही कोणाला. तेही 'बघून सांगतो' म्हणत फुकट रिपेअर करत नाहीतच, बघायचे फुकट आणि दुरुस्तीचे पैसे, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

'नंतर बघू.' एकदा म्हणाले तर नंतर जा. दुसऱ्यांदा म्हणाले आणि वहीत एकही रेघ मारलेली नसेल तर ते नाही आहे, सोडून द्या. रेघा मारल्यात पण पैसे नाहीत म्हणतायत हे वेगळं, तिथे काम अर्धं करून अर्ध्या पैशात द्या, दर पाडून पूर्ण काम देऊ नका.

रेघा फारशा पडल्याच नाहीत असंही होतं. मग पॅकेज विकायला जाऊ नका. त्या दुकानाचं गिऱ्हाईक गूगलवरून येत नसेल, किंवा आजूबाजूला तीन तगडी दुकानं असतील. 'काका, यातून तुम्हाला फार मिळेल असं दिसत नाही' हे सांगून टाका. एका घड्याळवाल्यांना असं सांगितलं तर त्यांनीच समोरच्या चष्मेवाल्यांकडे पाठवलं.

तुमचं काम वेगळं असेल तरी गणित हेच, फक्त दाखवायची वस्तू बदलते. मेनू डिझाइन करत असाल तर अख्खा मेनू फुकट करू नका, जिथे गिऱ्हाईक सारखं 'हे काय असतं' विचारतं ते एक पान करून न्या. फोटोग्राफर असाल तर एकाच पदार्थाचा किंवा एकाच साडीचा फोटो, त्यांनी आधी टाकलेल्याच्या शेजारी ठेवून. हिशेब-जीएसटीचं काम करणाऱ्यांचं मात्र असं जमत नाही, समोरच्याच्या वह्या बाहेरून दिसत नाहीत, त्यांना ओळखीनेच जावं लागतं.

काम पूर्ण झालं की पानाची मालकी काकांच्याच अकाउंटवर आहे ना ते त्यांच्यासमोर तपासा, तुम्ही स्वतःला मॅनेजर म्हणून जोडलं असेल तर ते काढा किंवा ठेवायचं का विचारा. जीमेलचा आयडी त्यांच्या वहीत त्यांच्याच हाताने लिहून घ्या, पासवर्ड मुलाकडे. आणि त्याच गल्लीतल्या दुसऱ्या मिक्सरवाल्याकडे लगेच कागद घेऊन जाऊ नका, निदान काही महिने तरी. त्याच्या शेजारी शिलाई मशीनवाले बसतात, त्यांच्याकडे जा, आणि काकांना विचारून जा, म्हणजे 'मिक्सरवाल्यांचं काम केलं' एवढं म्हटलं तरी स्टूल पुढे येतं.